बचत गटाचं लोणचं विकायचंय? मग भाषणाची पहिली चार वाक्यं नीट वाचा

समजा, शिरूर तालुक्यातल्या केंदूरच्या एका बचत गटाला खरेदीदारांच्या बैठकीला बोलावणं आलंय. गटात बारा जणी आहेत आणि त्या लिंबाचं लोणचं करतात. समोर तिघं बसलेत: पुण्यातल्या दुकानांच्या साखळीची खरेदी बघणाऱ्या मॅडम, रांजणगाव एमआयडीसीत कॅन्टीन चालवणारा ठेकेदार आणि एक घाऊक व्यापारी. बोलायला पाच मिनिटं आहेत. गटाच्या अध्यक्ष ताई उठतात आणि सुरुवात करतात, "व्यासपीठावरील सर्व मान्यवर, संत कान्होराज महाराज पाठकांच्या पावन भूमीतून आलेल्या आम्हा भगिनींचा आपणांस नमस्कार. आमच्या गटाची स्थापना..."

यात चुकीचं काहीच नाही. ग्रामसभेत किंवा सप्ताहात असंच बोलतात आणि तिथे ते शोभतंही. पण इथे दीड मिनिट गेलं तरी लोणचं कशाचं आहे हे समोरच्यांना कळलेलं नाही.

मुळात भीमथडी जत्रेतलं गिऱ्हाईक आणि हे तिघं यांच्यात फरक काय? जत्रेतला माणूस चमचाभर चाखतो, आवडलं तर एक बाटली घेतो. पुढच्या वर्षी चव बदललेली निघाली तरी त्याचं फार बिघडत नाही. या तिघांना मात्र लोणचं स्वतःला खायचं नाहीये, पुढे विकायचंय नाहीतर वाढायचंय. चव चांगली असणार, हे ते धरूनच चालतात. त्यांच्या मनात दोन भीती असतात: दुसऱ्या खेपेला माल असाच येईल का, आणि मुळात येईल का? सुरुवात या दोन प्रश्नांना भिडली पाहिजे.

म्हणजे साधारण अशी:

"नमस्कार. आम्ही केंदूरच्या बारा जणी लिंबाचं लोणचं करतो. महिन्याला दोनशे किलो, बाराही महिने देऊ शकतो. तुमच्यासमोर दोन बाटल्या ठेवल्यात, एक या महिन्यात भरलेली आणि एक आठ महिन्यांपूर्वीची. दोन्ही उघडून बघा."

एवढंच. पंचवीस सेकंदही लागत नाहीत. पण यातलं प्रत्येक वाक्य खरं असायला मागे बरंच काम लागतं.

आधी "दोनशे किलो" घेऊ. बहुतेक गट हा आकडा अंदाजाने सांगतात, "लागेल तेवढं देऊ की साहेब!" अनुभवी खरेदीदार हे वाक्य ऐकून सावध होतो. हिशोब साधा आहे. एक किलो लिंबाला दोनशे ग्रॅम मीठ आणि वर तिखट-मसाला धरला, तर साधारण सव्वा ते एक किलो तीनशे ग्रॅम लोणचं होतं. म्हणजे दोनशे किलोला दीडशे ते एकशे साठ किलो लिंबं लागतात. बारा जणींना ती चिरणं जड नाही.

अडतं कुठे, तर पिंपांपाशी. लिंबाचं लोणचं मुरायला महिनाभर तरी लागतो. तोवर पिंप अडकलेलं असतं. दर महिन्याला दोनशे किलो बाहेर काढायचं तर दोनशे किलो मुरत असतानाच मागचं दोनशे किलो भरणीला असणार. म्हणजे एका वेळी चारशे किलोची जागा हवी. पन्नास लिटरच्या पिंपात चाळीस किलो भरलं, तर अशी दहा पिंपं लागतील. गटाकडे पाचच असतील, तर खरा आकडा शंभर किलो आहे आणि सांगायचाही तोच.

"बाराही महिने" याहून अवघड आहे. लिंबू वर्षभर मिळतं, पण एका भावाने नाही. आंबिया बहाराची लिंबं पावसाळ्यात बाजारात येतात तेव्हा भाव उतरलेला असतो. उन्हाळ्यात हस्त बहाराचीच फळं असतात, ती कमी आणि मागणी जास्त. एप्रिल 2022 मध्ये लिंबाने किलोला दोनशेचा टप्पा कसा ओलांडला होता आणि सोशल मीडियावर त्याचे किती मीम फिरले, ते आठवत असेलच. त्या भावाने लिंबं घेऊन ठरलेल्या दरात लोणचं देता येत नाही. उपाय जुनाच: घोडनदीपलीकडच्या श्रीगोंद्यात लिंबू स्वस्त असताना घ्यायचं, मिठात खारवून पिंपात ठेवायचं आणि लागेल तसा मसाला घालायचा. मात्र त्यासाठी पिंपं आणखी लागतात आणि पैसे काही महिने गुंतून पडतात. हे जमणार नसेल तर "बाराही महिने" हे दोन शब्द भाषणातून काढलेले बरे. "ऑगस्ट ते मार्च" म्हटलं तरी खरेदीदार पळून जात नाही.

आता दोन बाटल्या. मला विचाराल तर सगळ्या भाषणात सर्वांत जोरदार गोष्ट हीच आहे, कारण इथे बोलावं लागत नाही. दोन्हींची चव आणि मिठाचं प्रमाण सारखं असेल, तर पहिल्या भीतीचं उत्तर मिळालं. जुन्या बाटलीत लिंबू थोडं काळपट दिसेल, ते चालतं. झाकण फुगलेलं असणं, उघडताना फस्स आवाज येणं किंवा वर पांढरा तवंग दिसणं मात्र चालत नाही. बहुतेक वेळा मीठ कमी पडलेलं असतं, नाहीतर बाटली ओली असताना भरलेली असते. खाराच्या किंवा लिंबाच्या रसातल्या लोणच्याला अन्न सुरक्षा नियमांत खारात किमान 12 टक्के मीठ, किमान 1.2 टक्के आम्लता आणि निथळलेल्या फोडी किमान 60 टक्के असं बंधन आहे. वरच्या मापात मीठ पंधरा टक्क्यांच्या आसपास बसतं. फोडींचं मॅडम तिथेच तपासू शकतात: पाचशे ग्रॅमची बाटली चाळणीवर ओतायची, फोडी तीनशे ग्रॅम भरल्या पाहिजेत.

दोन दर्जांचा मोह इथेच नडतो. लिज्जत पापडाची गोष्ट याच वळणाची आहे. 1959 साली गिरगावात सात जणींनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड सुरू केले, तेव्हा त्याही दोन दर्जांचे पापड करत होत्या, एक स्वस्त आणि एक चांगला. मार्गदर्शक छगनबाप्पांनी सांगितलं, एकच चांगला करा. मदत म्हणून देणग्या मागायच्या नाहीत, हेही त्यांनी सुरुवातीलाच ठरवलं होतं. म्हणूनच वरच्या चार वाक्यांत "आम्ही गरीब महिला आहोत, सहकार्य करा" असं कुठे नाही. त्या वाक्यावर कुणी एक खेप घेईलही, पण दुसरी घेणार नाही.

आणि किंमत? ती पहिल्या चार वाक्यांत नको. समोरच्या तिघांना एकच भाव लागू होत नाही. कॅन्टीनवाल्याला काचेची बाटली नको, त्याला पाच किलोची बादली हवी. दुकानवाल्या मॅडमना बाटली हवी आणि छापील किमतीत त्यांचा वाटाही हवा. समजा बाटली शंभरला विकली जाणार आहे आणि दुकानाने तीस ठेवले, तर हातात सत्तर येतात. त्यातून बाटली, लेबल, माल, मजुरी आणि वाहतूक मिळून सत्तावन्न गेले, तर उरले तेरा. जत्रेत तीच बाटली शंभरला विकणाऱ्या ताईंनी "शंभर" असा एकच आकडा सांगून टाकला, तर मॅडम तो खरेदीचा भाव समजतात आणि तिथेच वही मिटते. त्यांनी विचारल्यावर आधी "बाटलीत की बादलीत?" असं विचारायचं आणि दोन्हींचे भाव कागदावर तयार ठेवायचे.

राहिली आठ महिन्यांपूर्वीची ती बाटली. ती ऐन वेळी कुठून आणणार? दर घाण्यातल्या दोन बाटल्या विकायच्या नाहीत. त्यावर बॅच नंबर आणि तारीख टाकून कपाटात ठेवायच्या आणि कोणत्या पिंपातल्या, मीठ किती, ते वहीत लिहायचं. बैठक मार्चमध्ये असेल, तर तिथे न्यायची बाटली जुलैमध्येच बाजूला काढलेली असायला हवी.