मला वाटलं, मीटिंग आज आहे

गुरुवारी सकाळी एक जण फाइल घेऊन मीटिंगला जातो, तर खोली रिकामी. मीटिंग शुक्रवारी आहे असं कळल्यावर तो म्हणतो, ‘मला वाटलं, मीटिंग आज आहे.’ या मराठीत काहीही वावगं नाही. पण तेच इंग्रजीत ‘आय थॉट द मीटिंग इज टुडे’ असं म्हटलं, की ते खटकतं. तिथे ‘वॉज टुडे’ हवं.

याचं कारण काळ मोजण्याच्या पद्धतीत आहे. ‘मला वाटलं’ हे प्रधान वाक्य, ‘मीटिंग आज आहे’ हे गौण वाक्य. मराठीत गौण वाक्याचा काळ सहसा वाटण्याच्या क्षणापासून मोजतात. सकाळी मनात ‘आज आहे’ असंच आलं होतं, म्हणून ‘आहे’ तसंच राहतं. इंग्रजीत प्रधान क्रियापद भूतकाळी असलं, की गौण क्रियापदही सहसा एक पायरी मागे सरकतं. ‘इज’चं ‘वॉज’ होतं, ‘विल’चं ‘वुड’. ‘मला वाटलं, पाऊस येईल’ हे ‘आय थॉट इट वुड रेन’ होतं ते यामुळेच.

हा ‘वॉज’ मीटिंग होऊन गेली असं सांगत नाही. ‘आय थॉट द मीटिंग वॉज टुमॉरो’ हे वाक्यही बिनचूक आहे. उद्याच्या गोष्टीला भूतकाळी क्रियापद लागलं तरी कोणी गोंधळत नाही. उलट ‘मला वाटलं, मीटिंग आज होती’ असं मराठीत म्हटलं, तर ती आधीच उरकली असं वाटलं होतं, असा अर्थ निघतो. म्हणून इंग्रजी ‘वॉज’चं डोळे झाकून ‘होती’ करणारा अनुवाद फसतो.

इंग्रजीचा हा नियम सगळीकडे सक्तीचा नाही. ‘ही टोल्ड मी द मीटिंग इज ऑन फ्रायडे’ हे चालतं, कारण शुक्रवार अजून यायचा आहे आणि माहिती आजही खरी आहे. अशा ठिकाणी ‘इज’ दोन्ही वेळांना लागू होतो, सांगितलं तेव्हा आणि आत्ताही. रिकाम्या खोलीतल्या माणसाचं वाक्य नेमकं इथेच अडतं. मीटिंग आज नाही हे त्याला आता ठाऊक आहे, आणि ‘इज’ मात्र ती आजच असल्याची हमी देतो.

इंग्रजीत लिहिताना त्यामुळे एक प्रश्न पुरतो: जे वाटलं किंवा कोणी सांगितलं, ते या घडीलाही खरं आहे का? खोटं ठरलं असेल, तर ‘वॉज’च हवं. खरं असेल, तर ‘सांगितलं’, ‘कळलं’ यांसारख्या क्रियापदांपुढे ‘इज’ चालतो. पण ‘वॉज’ तिथेही चुकत नाही. शंका आली, तर क्रियापद मागे सरकवणंच सुरक्षित.