मुदतीआधी नोकरी सोडताना जॉइनिंग बोनसची तडजोड

माहिती तंत्रज्ञान क्षेत्रातील नेमणूकपत्रात जॉइनिंग बोनसचे कलम बहुधा तीन-चार ओळींचेच असते, आणि नोकरी स्वीकारण्याच्या घाईत त्यातली रक्कम तेवढी वाचली जाते. आधीच्या नोकरीत बुडणारा वार्षिक बोनस भरून निघावा किंवा उमेदवाराने हाती असलेल्या दुसऱ्या ऑफरकडे वळू नये, म्हणून कंपनी पहिल्या एक-दोन पगारांबरोबर ही एकरकमी रक्कम देते. मात्र ठरलेल्या मुदतीत, जी सामान्यतः एक ते दोन वर्षांची असते, कर्मचाऱ्याने स्वतःहून राजीनामा दिला तर ती परत करण्याची अटही त्याच कलमात घातलेली असते. पुढे या परताव्यावरून होणारी बोलणी दुरून पाहणाऱ्याला निव्वळ विनवणी वाटते. प्रत्यक्षात तिचा निकाल मुदत कोणत्या तारखेपर्यंत मोजायची, रक्कम सगळी मागायची की उरलेल्या काळापुरती, आणि बोनसवर आधीच कापला गेलेला प्राप्तिकर कोणाच्या माथी जायचा, यांवरच मुख्यतः ठरतो.

एक नमुना प्रकरण घेतले म्हणजे हे स्पष्ट होईल. पुण्यात हिंजवडीतील एका कंपनीत एक अभियंता 3 जून 2024 रोजी रुजू झाला आणि त्याला जूनच्या पगाराबरोबर 3 लाख रुपये जॉइनिंग बोनस मिळाला, असे धरू. बोनस वगळूनही त्याचे करपात्र उत्पन्न 15 लाखांच्या वर आणि 50 लाखांच्या आत असल्यामुळे, त्या वर्षाच्या नव्या करप्रणालीनुसार बोनसवर 30 टक्के कर आणि त्या करावर 4 टक्के उपकर, म्हणजे एकूण 31.2 टक्के कपात झाली आणि त्याच्या खात्यात 2 लाख 6 हजार 400 रुपये जमा झाले. त्याने 10 जानेवारी 2025 रोजी राजीनामा दिला. नोटिशीची मुदत 90 दिवसांची असल्याने शेवटचा दिवस 9 एप्रिल ठरला. करारात बारा महिन्यांची अट होती आणि वसुली कालप्रमाणात होईल असा शब्द कुठेही नव्हता. एचआर विभागाकडून आलेल्या पहिल्या मेलमध्ये त्यामुळे पूर्ण 3 लाखांची मागणी होती, म्हणजे हाती आले त्याहून 93 हजार 600 रुपये जास्त.

अशा वेळी पहिले काम कलम पुन्हा वाचण्याचे असते. 'बारा महिन्यांच्या आत राजीनामा दिल्यास' आणि 'बारा महिने सेवा पूर्ण न केल्यास' या दोन शब्दरचनांचा परिणाम वेगळा होतो, कारण पहिलीत राजीनाम्याची तारीख निर्णायक ठरते आणि दुसरीत कामाचा शेवटचा दिवस. वरील प्रकरणात कलम दुसऱ्या प्रकारचे होते. म्हणून शेवटचा दिवस 9 एप्रिलऐवजी 2 जूनपर्यंत पुढे ढकलला असता, तर मागणीचा आधारच नाहीसा झाला असता. कंपनीला काम हस्तांतरित करून घेण्यासाठी माणूस हवा असेल तर असा प्रस्ताव ती अनेकदा आनंदाने स्वीकारते. अडचण येते ती नव्या कंपनीकडून, कारण ती इतके थांबायला सहसा तयार नसते. या अभियंत्यालाही एप्रिलच्या मध्यापलीकडची तारीख मिळाली नाही. राजीनाम्याचा मेल पाठवण्यापूर्वीच कलम वाचले गेले, तर नव्या ठिकाणची रुजू होण्याची तारीख त्यानुसार मागता येते; नंतर वाचले तर ही वाट बहुतेक बंद झालेली असते.

दुसरा प्रश्न प्रमाणाचा. तीन जूनपासून 9 एप्रिलपर्यंत 311 दिवसांची सेवा होते आणि वर्षातले 54 दिवस उरतात. दिवसांच्या हिशेबाने परतावा सुमारे 44 हजार 400 रुपये, तर पूर्ण झालेल्या दहा महिन्यांच्या हिशेबाने 50 हजार रुपये येतो. करारात तशी तरतूद नसताना हा आकडा मागण्याला काय आधार, असे एचआर विभाग विचारतो. भारतीय करार कायदा 1872 मधील कलम 74 येथे पुढे येते. करारभंगासाठी रक्कम आधीच ठरवलेली असली, तरी न्यायालय त्या रकमेच्या मर्यादेत केवळ वाजवी भरपाई देववते, असा त्या कलमाचा आशय आहे. अकरावा महिना सुरू असताना जाणाऱ्याकडून आणि पहिल्याच महिन्यात जाणाऱ्याकडून सारखीच रक्कम मागणे वाजवी कसे, हा प्रश्न त्यातून उभा राहतो.

तरीही या कलमावर फार भिस्त ठेवणे धोक्याचे आहे. बोनसचा परतावा ही भरपाई नसून, अटीवर दिलेले पैसे अट न पाळल्यामुळे परत मागणे आहे, असा युक्तिवाद कंपनीला करता येतो, आणि तो पोकळ नाही. शिवाय विजया बँक प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मे 2025 मध्ये, तीन वर्षे पूर्ण होण्यापूर्वी नोकरी सोडल्यास 2 लाख रुपये भरण्याची अट वैध ठरवली. तो खटला सार्वजनिक बँकेतील सेवाबंधाचा होता, जॉइनिंग बोनसचा नव्हता, आणि त्यात भरतीप्रक्रियेचा खर्च व पद्धत यांना महत्त्व होते. पण कंपन्यांच्या विधी विभागांना त्याचा आधार घेता येतो. म्हणून 'हे कलमच बेकायदा आहे' असे पत्र पाठवणाऱ्याच्या पदरात विधी विभागाच्या उत्तराखेरीज फारसे काही पडत नाही, आणि बोलणी एकदा त्या विभागाकडे गेली की सवलत देण्याचा अधिकार असलेली माणसे बाजूला होतात.

ही माणसे कोण, हे ओळखणे म्हणजे या कामातला निम्मा भाग होय. मागणीचा मेल पाठवणारा एचआर ऑपरेशन्समधील कर्मचारी फक्त संगणकप्रणालीतून आलेला आकडा कळवतो. त्याला एक रुपयाही सोडता येत नाही. सवलतीचा प्रस्ताव सामान्यतः त्या विभागाला नेमून दिलेला एचआर बिझनेस पार्टनर मांडतो, ज्या विभागाच्या खर्चातून बोनस गेला त्याचा प्रमुख संमती देतो आणि वित्त विभाग नोंद घेतो. या तिघांनाही एकच भीती असते, ती म्हणजे आज याला सोडले तर उद्या राजीनामा देणारा प्रत्येक जण तेच मागेल. घरची अडचण, आजारपण, कर्जाचे हप्ते ही कारणे खरी असली, तरी ती कोणीही सांगू शकतो, आणि नेमके त्याचमुळे अपवादाच्या टिपणात ती टिकत नाहीत. टिकते ते असे कारण, जे कंपनीच्याच कागदांत सापडते आणि इतरांना सहज लागू होत नाही.

आपल्या अभियंत्याकडे असे कारण होते. ज्या डेटा प्रकल्पासाठी त्याला घेतले होते तो नोव्हेंबरमध्ये ग्राहकाने बंद केला आणि त्यानंतर त्याला रात्रपाळीच्या सपोर्टच्या कामावर टाकले गेले. हा बदल व्यवस्थापकाच्या मेलमध्ये नोंदलेला होता. त्याने बिझनेस पार्टनरला लिहिलेल्या एका पानाच्या मेलमध्ये कराराच्या वैधतेचा उल्लेख टाळून, भरतीवेळचे कामाचे वर्णन, बदलाचा मेल, पूर्ण झालेले दहा महिने, 50 हजारांचा हिशेब आणि नोटिशीचे 90 दिवस पूर्ण करून काम हस्तांतरित करण्याची तयारी एवढेच मांडले. असे पत्र विभागप्रमुखाला जवळजवळ जसेच्या तसे टिपणात उतरवता येते, आणि यातच त्याचे बळ असते. मेल जानेवारीतच गेला, हेही महत्त्वाचे होते. हस्तांतरण बाकी असेतो व्यवस्थापकाला त्या माणसाची गरज असते. शेवटच्या दिवसानंतर मात्र रिलीव्हिंग लेटर, म्हणजे कार्यमुक्तीचे पत्र, आणि रोखून धरलेला शेवटचा पगार कंपनीच्या हातात राहतो व पारडे उलटते.

विभागप्रमुखाने निम्म्या रकमेला, म्हणजे दीड लाखाला मान्यता दिली. आकडा 50 हजारांवर आला नाही, याचे कारण करारात प्रमाणाचा शब्द नव्हता हेच होय. पुढची, आणि बहुतेकांच्या हातून निसटणारी, पायरी कराची होती. शेवटचा दिवस 9 एप्रिल असल्याने अंतिम हिशेब, ज्याला सगळे 'फुल अँड फायनल' म्हणतात, तो नव्या आर्थिक वर्षात गेला असता. बोनस मात्र आदल्या वर्षी करपात्र ठरला होता. वर्ष उलटल्यावर वसुली झाली, तर कंपनी आधीच्या वर्षाच्या वेतनाचे आकडे बदलण्यास सहसा राजी होत नाही, आणि न मिळालेल्या उत्पन्नावर भरलेला कर परत मिळवण्यासाठी कर्मचाऱ्याला प्राप्तिकर विभागाशी स्वतःच झगडावे लागते. म्हणून त्याने वसुली मार्चच्या पगारातूनच करावी अशी विनंती केली आणि पगाराच्या नोंदी बंद होण्याआधी, म्हणजे महिन्याच्या साधारण विसाव्या तारखेच्या आत, तिला लेखी होकार मिळवला.

त्यातही एक बारकावा आहे. वेतनपत्रकात वसुली 'कपात' या रकान्यात दाखवली, तर ती करानंतरची ठरते आणि करपात्र वेतन तसेच राहते. तीच रक्कम 'मिळकत' या रकान्यात बोनसच्या नावासमोर उणे चिन्हासह दाखवली, तर वर्षाचे करपात्र वेतन दीड लाखाने कमी होते आणि करात 46 हजार 800 रुपयांचा फरक पडतो. दुसऱ्या रीतीने अभियंत्याच्या खिशातून प्रत्यक्षात 1 लाख 3 हजार 200 रुपयेच गेले. हे कंपनीकडून कोणतीही जादा सवलत न मागता साधते, त्यामुळे त्याला विरोध करण्याचे कारण कोणालाच नसते. फक्त वेतन विभागाला ते कोणी तरी सांगावे लागते.

नवी कंपनी परताव्याची रक्कम भरून देण्यास तयार असते तेव्हाही हाच कर आडवा येतो. तिने दिलेली रक्कमही बोनस म्हणूनच करपात्र होते, त्यामुळे 31.2 टक्क्यांचाच दर धरला तर जुन्या कंपनीला 3 लाख देता यावेत यासाठी तिच्याकडून सुमारे 4 लाख 36 हजार रुपये मागावे लागतात, आणि त्या रकमेलाही बहुधा मुदतीची नवी अट जोडलेली असते. काही कंपन्या वसुलीवर 18 टक्के वस्तू व सेवा करही लावतात. केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळाच्या ऑगस्ट 2022 मधील परिपत्रकाने, मुदतीआधी नोकरी सोडल्याबद्दल घेतलेल्या सेवाबंधाच्या रकमेवर असा कर लागत नाही, असे स्पष्ट केले असल्याने ती ओळ परिपत्रकाचा क्रमांक 178 देऊन काढून टाकायला सांगता येते.

तडजोड तोंडी राहू देऊ नये, हे सांगण्याचीही गरज नसावी, पण फोनवर 'झाले, काळजी करू नका' म्हणणाऱ्या अधिकाऱ्याची बदली झाल्यावर प्रणालीतून पुन्हा पूर्ण मागणी निघाल्याची उदाहरणे कमी नाहीत. मेलमध्ये ठरलेली रक्कम, ती कोणत्या महिन्याच्या पगारातून वळती होणार, जॉइनिंग बोनसबाबत यानंतर कोणतेही येणे उरणार नाही आणि रिलीव्हिंग लेटर किती दिवसांत मिळेल, हे चारही मुद्दे यावेत. शेवटचा मुद्दा वगळला, तर नव्या कंपनीच्या पार्श्वभूमी तपासणीत 'येणे बाकी' असा शेरा जाण्याची शक्यता राहते. ज्याला रक्कम अमान्य आहे पण पत्राची निकड आहे, त्याने हक्क राखून पैसे भरत असल्याचे त्याच मेलमध्ये लिहावे. विजया बँकेच्या प्रकरणातही कर्मचाऱ्याने 2 लाख रुपये आक्षेप नोंदवूनच भरले होते, आणि त्यामुळेच पुढे त्याला त्यावर दाद मागता आली. जूनमध्ये फॉर्म 16 हाती आला की त्यातील वेतनाचा आकडा मार्चच्या पत्रकाशी ताडून पाहावा, आणि दीड लाख वजा झालेले नसतील तर विवरणपत्र भरण्याआधीच वेतन विभागाकडून तो दुरुस्त करून घ्यावा.