स्प्रिंट सुरू असताना आलेली मागणी

सॉफ्टवेअर टीम साधारण दोन आठवड्यांचं काम आधी ठरवून घेते. त्याला स्प्रिंट म्हणतात. स्क्रम पद्धतीत स्प्रिंटचं उद्दिष्ट धोक्यात येईल असा बदल मध्येच करायचा नसतो. तरी दुसऱ्या आठवड्याच्या सोमवारी विक्रीप्रमुखांचा निरोप येतो, ‘रिपोर्टला एक्सेल डाउनलोड हवं.’ टीम लीडने असं लिहावं :

‘सर, मागणी रास्त आहे. पण टेस्टिंग धरून हे तीन दिवसांचं काम आहे. ते आत्ता घेतलं, तर शुक्रवारची पेमेंटची दुरुस्ती राहून जाईल. त्यामुळे या स्प्रिंटमध्ये ते घेता येणार नाही. प्रॉडक्ट ओनरशी बोललो आहे. येत्या सोमवारच्या स्प्रिंटसाठी त्यांनी ते यादीत सर्वांत वर ठेवलं आहे. कोणते कॉलम हवेत, तेवढं गुरुवारपर्यंत कळवा.’

‘बघतो’ असं लिहिलं असतं, तर साहेबांनी होकारच धरला असता. पुढच्या स्प्रिंटमधली जागाही लीडने परस्पर दिलेली नाही, कारण कामांचा क्रम प्रॉडक्ट ओनर ठरवतो. मात्र चालू सिस्टीमच बंद पडली असेल, तर असं पत्र लिहीत बसू नये. ते काम लगेच हाती घ्यावं.