चार रात्री, एकच गाव

धाकटी लेक नोकरीसाठी बंगळुरूला गेली, थोरला आधीच पुण्यात स्थिरावला होता. नाशिकच्या त्या घरात आता दोघंच. जूनमध्ये मुलगा फोनवर म्हणाला, "आई, आता मस्त फिरून ये कुठेतरी. तुला जिथे आवडेल तिथे." आईने हो म्हटलं आणि तिथेच गाडी अडली. पैसे होते, तब्येत बरी होती, नवऱ्याची हरकत नव्हती. "तुला जिथे आवडेल" याचं उत्तर मात्र तिच्याकडे नव्हतं.

ही आई कल्पित आहे. गाव, रस्ते, हातमाग आणि अडचणी खऱ्या आहेत. मुलं घराबाहेर पडल्यावर पहिली सहल आखणाऱ्या पुष्कळ बायका जिथे अडखळतात, तिथेच तीही अडखळली. वीस-पंचवीस वर्षं सहली तिनेच आखलेल्या असतात. कुणाला गाडी लागते, कुणाला कुठलं हॉटेल चालतं, हे सगळं तिला तोंडपाठ असतं. स्वतःची आवड मात्र तिने कधी विचारात घेतलेली नसते. मग ती टूर कंपनीची जाहिरात उघडते आणि पाच दिवसांत सात ठिकाणं पाहून दमून परत येते.

आमच्या या आईने आधी जुन्या सहली कागदावर मांडल्या. एका वहीत तीन रकाने पाडले: गाव, ते कुणी ठरवलं, आणि तिथे मी कुठे रेंगाळले. दुसरा रकाना भराभर भरला. म्हैसूर मुलांच्या प्राणिसंग्रहालयासाठी, केरळ नवऱ्याच्या हाउसबोटीसाठी, जयपूर लेकीच्या शाळेतल्या प्रकल्पासाठी. तिसऱ्या रकान्याला वेळ लागला, कारण आठवायला गेलं की अल्बममधले फोटोच डोळ्यांसमोर यायचे आणि फोटो तर सगळे मुलांचे. म्हणून तिने स्वतःला दुसरा प्रश्न विचारला: "चल ना आई, उशीर होतोय," हे मला कुठे कुठे ऐकावं लागलं?

याचं उत्तर पटकन आलं. म्हैसूरला रेशमाच्या कारखान्यात. केरळात काथ्याची दोरी वळणाऱ्या बाईपाशी. जयपूरजवळ सांगानेरला, लाकडी ठशांनी कापड छापणाऱ्याच्या लांबलचक टेबलाजवळ. हवामहालात आपण किती वेळ होतो हे तिला आठवेना, पण छापणारा माणूस ठसा ठेवून त्यावर मुठीने कसा ठोका मारायचा हे आठवत होतं. तिन्ही ठिकाणी कुणीतरी हाताने काहीतरी घडवत होतं, आणि तिन्ही ठिकाणांहून तिला ओढून न्यावं लागलं होतं.

आवड शोधायची ही पद्धत साधी आहे आणि बऱ्यापैकी खात्रीची. "मला काय आवडतं?" असं थेट विचारलं की माणूस शोभेलसं उत्तर देतो: समुद्र, डोंगर, शांतता. पाय कुठे रेंगाळले याची आठवण एवढी फसवत नाही.

तरीही तिने लगेच मोठा बेत केला नाही. एक दिवस एकटीने येवल्याला जाऊन आली. येवला पैठणीचं गाव, नाशिकहून सकाळी निघून संध्याकाळी परतता येतं, आणि एसटीत बायकांना अर्धं तिकीट. मागापाशी दोन तास कसे गेले ते तिला कळलं नाही. खरी परीक्षा झाली दुपारी, जेवताना. चौघांच्या टेबलावर एकटीने बसायचा संकोच वाटला. वेटरने मेनूकार्ड दिलं तेव्हा नजर सवयीने मुलांच्या आवडीच्या पदार्थांवरून फिरली. घरी कुणाची पोळी उरली तर ती, भाजी संपली तर लोणचं, असं जेवायची सवय झालेल्या बाईला "तुम्हाला काय आणू?" हा प्रश्न अवघड वाटला. तिने घाईने थाळी मागवली. घरी येऊन वहीत लिहिलं: "मागाजवळ बसायला आवडतं. एकटीने जेवायचं अजून जमत नाही." एका दिवसाच्या फेरीतून एवढं कळलं तरी पुष्कळ, कारण हीच गोष्ट चार मुक्कामांच्या सहलीत पहिल्याच रात्री समोर आली असती तर तिने परतीची गाडी शोधली असती.

मग ठिकाण ठरलं: महेश्वर. मध्य प्रदेशात, नर्मदेच्या काठी, अहिल्याबाई होळकरांची राजधानी. अहिल्याबाईंनी विणकर आणून वसवले आणि महेश्वरी साडीचा धंदा तिथे रुजला, तो आजही चालू आहे. बहुतेक सहलींत इंदूर, उज्जैन, ओंकारेश्वर, महेश्वर आणि मांडू अशी माळ असते, आणि तिच्यात महेश्वरच्या वाट्याला अर्धा दिवस येतो: घाट, किल्ला, साडी खरेदी, चला. आईने ही माळच तोडली. चार रात्री, एकच गाव.

तारखा ठरवताना तिला एक नवीच गोष्ट जाणवली. आजवरच्या साऱ्या सहली मे महिन्यात नाहीतर दिवाळीत, म्हणजे शाळेच्या सुट्टीत. मे महिन्यात निमाडचा उन्हाळा चाळिशीपार जातो. दिवाळीत खोल्या महाग आणि माग बंद. आता शाळेचा संबंध उरला नव्हता. तिने डिसेंबरचा पहिला आठवडा धरला, तोही सोमवार ते शुक्रवार. शनिवार-रविवारी इंदूरची गर्दी लोटते, आणि संक्रांत, नर्मदा जयंती, महाशिवरात्रीला घाटावर पाय ठेवायला जागा नसते. शिवाय सणाला विणकरही मागावर नसतात. माग पाहायलाच जायचं तर फोन करून विचारून घेणं बरं.

प्रवासाचा बेत मात्र एकदा फसता फसता राहिला. नाशिकहून इंदूरकडे जाणारा आग्रा रोड धुळे, शिरपूर, सेंधवा करत धामनोदवरून जातो, आणि धामनोदहून महेश्वर जेमतेम तेरा-चौदा किलोमीटर. म्हणजे इंदूरपर्यंत जाऊन उलटं यायची गरज नाही. तिने रात्रीची बस जवळजवळ ठरवलीच होती. मग हिशोब केला: रात्री नऊला निघालेली बस धामनोदला पोचणार पहाटे तीन-चारच्या सुमारास, आणि उतरवणार हायवेवर. कंपनीच्या वेळापत्रकात इंदूरची सोयीची वेळ दिसते, मधल्या थांब्याची गैरसोय दिसत नाही. तिने सकाळची गाडी धरली. एसटीची सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच असते, हेही ध्यानात ठेवलं. लॉजवाल्याशी बोलून धामनोदहून न्यायला रिक्षा सांगून ठेवली. खर्चाचा अंदाज तिने असा मांडला: खोली 7,200, प्रवास 2,500, जेवणखाण 3,000 आणि साडीसाठी वेगळे 5,000 रुपये.

नवऱ्याला तिने विचारलं होतं. "चार दिवस एकाच गावात? मी काय करू तिथे?" हे त्याचं प्रामाणिक उत्तर. निघायच्या आदल्या दिवशी ती सवयीने त्याच्यासाठी चार दिवसांच्या भाज्या चिरायला बसली, दोन दिवसांच्या चिरल्या आणि उठली. त्याला कुकर लावता येत होता.

पहिल्या दिवशी सगळ्यांनी सांगितलेलं तिने सगळं केलं. पहाटे उठून सूर्योदय पाहिला, नावेत बसून नदीच्या मधोमध असलेल्या बाणेश्वराच्या देवळापर्यंत जाऊन आली. छान होतं. पण थंडी वाजत होती, झोप राहिली होती, आणि आपण हे कुणालातरी सांगण्यासाठी पाहतोय असं तिला वाटत राहिलं. वहीत नोंद झाली: "सूर्योदय: एकदा पुरे." पोह्यांबरोबर जिलबी खायची तिथली पद्धतही तिने करून पाहिली आणि दुसऱ्या दिवसापासून नुसते पोहे मागितले. वेटरला नको ते नको म्हणणं येवल्यापेक्षा सोपं गेलं.

दुसऱ्या दिवशी ती मागांकडे गेली. किल्ल्याच्या परिसरात रेहवा सोसायटीचे माग आहेत, गावातही घरोघरी खटखट ऐकू येते. पारंपरिक महेश्वरीत उभा धागा रेशमाचा आणि आडवा सुताचा, म्हणून ती हलकी असते आणि तरी तिला झळाळी असते. काठ दोन्ही बाजूंनी सारखे, त्यामुळे साडी उलटी-सुलटी कशीही नेसता येते. चटई, लहर, वीट ही काठांवरच्या नक्षीची नावं. घाटाच्या आणि किल्ल्याच्या दगडी कोरीवकामातून ती नक्षी आली असं विणकर सांगतात. पदरावर पाच पट्टे.

एवढं कुठल्याही दुकानदाराने तिला सांगितलं असतं. ती थबकली ती एका थांबलेल्या मागापाशी. ताणा संपत आला होता. नवा ताणा चढवताना जुन्याचं प्रत्येक टोक नव्याच्या टोकाशी हाताने जोडतात. असे हजारो धागे. एक बाई खाली बसून तेच करत होती: बोटांना राख लावायची, दोन टोकं चिमटीत धरायची, पीळ द्यायचा, पुढचं टोक. गाठ नाही, नुसता पीळ, कारण गाठ फणीत अडकते. धाग्यांचा क्रम चुकला तर नक्षी बिघडते. आईने विचारलं, "किती वेळ लागतो?" बाई मान वर न करता हसली, "पूरा दिन, दीदी." आई तिथे जेवणाच्या वेळेपर्यंत बसली. कुणीही "चल ना" म्हटलं नाही. तिसऱ्या दिवशी पुन्हा गेली तेव्हा त्याच मागावर नवं कापड दोन वीत पुढे आलं होतं, आणि कालचा जोड कुठे आहे हे तिला शोधता आलं.

अर्ध्या दिवसात गाव उरकणाऱ्या प्रवाशाला साडी दिसते. तिची मधली अवस्था पाहायला दुसऱ्या दिवशी परत यावं लागतं. आईला हेच आवडत होतं, म्हणजे एक काम सुरुवातीपासून पुढे सरकताना पाहणं. कलाकुसर आवडते एवढं वहीने सांगितलं होतं. दुकानात तयार माल पाहून तिचा जीव रमत नाही, हे मात्र इथे येऊन कळलं.

चौथ्या दिवशी दुपारी कंटाळा आला. तोही लिहून ठेवला: एका गावाला तीन रात्री पुरेत. साडीवर पाच हजारांऐवजी सहा हजार गेले, कारण आता तिला काठाचा फरक कळत होता. संध्याकाळी सातनंतर एकटीला करमत नाही, त्या वेळेला गप्पा मारायला कुणीतरी हवं, हीही एक नोंद झाली. ती कमीपणाची मानायचं कारण नाही; पुढच्या बेताला तिचाच उपयोग.

घरी आल्यावर लेकीचा फोन आला. "अगं आई, पुढच्या वेळी मी पण येते. कुठे जायचं?"

"फेब्रुवारीत भुजकडे. अजरखची छपाई पाहायचीय, एका कापडाला कितीतरी धुण्या आणि छपाया लागतात म्हणे. तीन रात्री."

"आणि रण? सूर्यास्त?"

"तू बघून ये. संध्याकाळी सातला जेवायला भेटू."