भिंतीवरचा प्रश्न

शाळेच्या व्हरांड्यात रंगवायच्या कवितेला कवितासंग्रहातल्या कवितेचे सगळे नियम लागू पडत नाहीत. पुस्तकातला वाचक पान उघडून बसतो. व्हरांड्यातला वाचक दप्तर सावरत चाललेला असतो, पाणी प्यायला निघालेला असतो किंवा हातात ताट घेऊन खिचडीच्या रांगेत उभा असतो. आणि तो ती कविता एकदा नाही, सात वर्षे रोज वाचतो. जिज्ञासेवरची, प्रश्न विचारण्यावरची कविता अशा भिंतीसाठी लिहायची झाली तर ती कशी घडते, आणि बहुतेक वेळा कुठे फसते, हे या लेखात एका नमुन्याच्या आधारे पाहू. नमुन्याच्या सगळ्या ओळी याच लेखासाठी रचलेल्या आहेत.

आधी फसलेला नमुना घेऊ. अशा ओळी ज्या साच्यातून येतात, त्याच साच्यात मी मुद्दाम बसवल्या आहेत:

प्रश्न विचारा मुलांनो,
ज्ञानदीप उजळवा,
जिज्ञासेच्या पंखांवर
गगनात झेप घ्या ना!

अक्षरे मोजली तर प्रत्येक ओळीत बरोबर आठ भरतात, म्हणजे अष्टाक्षरीचे गणित चुकलेले नाही. तरीही या चार ओळींत एकसुद्धा प्रश्न नाही. आहे ती आज्ञा. ‘हाताची घडी, तोंडावर बोट’ ही जशी आज्ञा, तशीच ‘प्रश्न विचारा’ ही दुसरी. मुलाच्या कानाला दोन्ही एकाच आवाजात ऐकू येतात. शिवाय विचारायचे काय, हे भिंत सांगतच नाही. पंख, दीप, गगन यांतले व्हरांड्यात काहीही नाही. पहिलीतल्या मुलाला ‘जिज्ञासा’ वाचायला शिक्षकांची मदत लागते, आणि अर्थ सांगितल्यावरही ती कुठे असते ते कळत नाही. प्रश्नावरची कविता प्रश्नांनीच लिहावी, ही या कामातली पहिली पायरी.

पण कुठले प्रश्न? आपल्याकडे प्रश्नरूप रचनेची मोठी परंपरा आहे ती कोड्यांची. कोडे गोड असते, पण त्यात विचारणाऱ्याला उत्तर आधीच माहीत असते आणि ऐकणाऱ्याने नेमके तेच हुडकायचे असते. वर्गातली तोंडी परीक्षासुद्धा मुळात अशीच. भिंतीवरचा प्रश्न वेगळा हवा. त्याचे उत्तर विचारणाऱ्याच्या खिशात नसावे, पण ते त्याच जागी उभे राहून, हाताने किंवा डोळ्यांनी शोधता यावे. ‘आकाश निळे का?’ हा उत्तम प्रश्न आहे, पण पाचवीतल्या मुलाला त्याचे उत्तर शेवटी ऐकूनच घ्यावे लागते. खांबाची सावली मात्र त्याला स्वतःला मोजता येते.

दिल्लीच्या ‘विन्यास’ संस्थेत कबीर वाजपेयी यांनी युनिसेफच्या साहाय्याने शाळेची इमारत हेच शिकण्याचे साधन करण्याची ‘बाला’ ही कल्पना विकसित केली. तिच्यात दाराखालच्या फरशीवर कोन आखलेले असतात, म्हणजे दार उघडता उघडता कोन दिसतो. कवितेनेही तेच करावे. जिथे वस्तू आहे तिथेच तिची ओळ असावी. सलग बारा कडवी एका भिंतीवर लिहिण्यापेक्षा कविता व्हरांडाभर विखुरलेली बरी.

समजा, एका जिल्हा परिषद शाळेचा व्हरांडा आहे. एका बाजूला वर्गांची दारे, दुसऱ्या बाजूला अंगणाकडचे खांब, टोकाला पाण्याचा माठ. दोन दारांमध्ये चार फुटांची भिंत मिळते. खांबासमोरच्या भिंतीवर हे कडवे येते:

सावली ही खांबाची का
दुपारी होते लहान?
तिला लागते का भूक,
तिला लागते तहान?

कडव्यात जोडाक्षर एकही नाही, त्यामुळे पहिलीच्या दुसऱ्या सत्रातले मूल ते स्वतः वाचू शकते. मोठ्या मुलांना त्यात काम आहे: दर तासाला खडूने सावलीच्या टोकाशी खूण करणे. दोन-तीन महिने हे केले की नव्याच गोष्टी दिसू लागतात. मधल्या सुट्टीतली सावलीसुद्धा रोज सारखी नसते, हे त्यातले पहिले. महाराष्ट्र पूर्णपणे कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्यामुळे वर्षातून दोनदा भर दुपारी सरळ उभ्या काठीची सावली पायाशी नाहीशी होते. गंमत अशी की पुण्यासारख्या ठिकाणी हे दिवस मेच्या मध्यात आणि जुलैच्या अखेरीस येतात. पहिल्या वेळी शाळेला सुट्टी असते, दुसऱ्या वेळी आभाळ भरलेले. ज्याने उन्हाळ्याच्या सुट्टीत अंगणात काठी रोवली, त्यालाच ते दिसते.

या कडव्यात एक दोष राहिला आहे आणि तो कागदावर दिसत नाही. शेवटच्या ओळीतले प्रश्नचिन्ह रंगाऱ्याने गाळले तर ‘तिला लागते तहान’ हे सरळ विधान होते. मराठी गद्यात विरामचिन्हे रुळली ती एकोणिसाव्या शतकात मेजर कँडी यांच्या काळात. त्याआधी प्रश्न वाहून नेण्याचे काम का, काय, कोण, कसा हे शब्दच करत होते. भिंतीवर हाच जुना मार्ग भरवशाचा, कारण चिन्ह गळते, पुसले जाते, पोपड्याबरोबर पडते. म्हणून शेवटची ओळ ‘किंवा लागते तहान?’ अशी केली. आता ती वरच्या ‘का’ला बांधलेली राहते. आठ अक्षरेही मोडली नाहीत.

माठाजवळ जागा कमी, म्हणून तिथे दोनच ओळी:

माठाला का येतो घाम?
त्याने केलं काय काम?

इथे लिहिणाऱ्याला विज्ञान नीट ठाऊक हवे, नाहीतर प्रश्न चुकीच्या वाटेला नेतो. मातीच्या माठाचा ओलावा आतून पाझरलेला असतो, आणि तो बाहेर वाळताना आतली उष्णता घेऊन जातो. गार पाण्याच्या स्टीलच्या पेल्यावर जे थेंब जमतात ते मात्र बाहेरच्या हवेतल्या बाष्पाचे असतात. दिसायला घाम एकच, पण उगम दोन. म्हणूनच माठाशेजारी स्टीलचे पिंप ठेवले तर या दोन ओळी जास्त काम करतात. मुले दोन्हींना हात लावतात आणि पुढचा प्रश्न स्वतःच काढतात. पावसाळ्यात माठ तितका गार का होत नाही, हा त्यानंतरचा.

तिसरे कडवे जोत्याजवळच्या मुंग्यांसाठी:

मुंगी मुंगीला भेटून
कानात काय सांगते?
रांग मोडली बोटाने,
पुन्हा कशी ती लागते?

‘कानात’ हा शब्द मी मुद्दाम ठेवला आहे. मुंगीला आपल्यासारखे कान नसतात, आणि ते कुणीतरी म्हणावे असेच मला वाटते. रांगेवरून बोट घासले की जमिनीवरचा वास पुसला जातो, मुंग्या गोंधळतात, इकडेतिकडे फिरतात आणि थोड्या वेळाने रांग पुन्हा सांधली जाते. हे पाहायला कसलेही साहित्य लागत नाही.

शेवटचे कडवे शिक्षकांच्या खोलीशेजारी. सगळ्यांत कठीण तेच:

बाई म्हणाल्या, “खरंच!
मलाही नाही माहीत.
उद्या उन्हात बसून
सारे बघूया मोजीत.”

शिक्षकांनी ‘मला माहीत नाही’ म्हटल्याचे शाळेच्याच भिंतीवर लिहायचे, याला विरोध होऊ शकतो. अधिकार कमी होतो, पालक काय म्हणतील, असे आक्षेप येतात. त्यावर आपल्याकडचेच एक जुने उदाहरण आहे. प्रश्नोपनिषदात सहा जिज्ञासू पिप्पलादाकडे येतात. तो त्यांना वर्षभर राहायला सांगतो, मग हवे ते विचारा म्हणतो आणि पुढे जोडतो की आम्हाला ठाऊक असेल तर सांगू. त्या ‘असेल तर’मुळे पिप्पलादाचे गुरुपण उणे झालेले नाही. हे कडवे वगळले तर बाकीची कविता फक्त सृष्टीबद्दलची राहते, आणि माणसाला प्रश्न विचारता येतो ही गोष्ट भिंतीवर येतच नाही.

आता रंगाऱ्याची बाजू. देवनागरी अक्षराची उंची शिरोरेषेपासून पायापर्यंत मोजायची. वेलांट्या-मात्रा आणि उकार यांना जागा वेगळी द्यावी लागते. अक्षर अडीच इंच धरले तर वर सव्वा, खाली सव्वा आणि मोकळा अर्धा, म्हणजे ओळीला साडेपाच इंच. चार ओळींचे कडवे 22 इंचांत बसते. आठ अक्षरांची ओळ काने आणि शब्दांतली जागा धरून साधारण तीन फूट होते. चार फुटांच्या भिंतीवर दोन्हीकडे सहा-सहा इंच मोकळे राहतात. हे अक्षर अंगणातल्या रांगेतूनही वाचता येते. ओळ लांब असती तर रंगारी शेवटची अक्षरे चेपून बसवतो. अर्ध्या भिंतीवर ऐसपैस आणि अर्ध्यावर गर्दी, हे दृश्य आपण सगळ्यांनी पाहिले आहे.

कडवे साधारण पाच फुटांपासून सुरू होऊन सव्वातीन फुटांवर संपावे. पहिलीतल्या मुलाची नजर साडेतीन फुटांच्या आसपास असते. आणखी खाली गेले तर खांदे आणि दप्तरे घासून दोन वर्षांत अक्षरे जातात.

अक्षरांतला सगळ्यांत मोठा धोका शिरोरेषेचा. ‘भ’ आणि ‘ध’ यांच्या डोक्यावरची रेषा तुटलेली असते. घाईत ती सलग ओढली की ‘भ’चा ‘म’ होतो, ‘ध’चा ‘घ’. आपल्या कडव्यात सावलीला ‘मूक’ लागेल आणि मुंगी मुंगीला ‘मेटून’ जाईल. उलट चूक झाली तर माठाला ‘धाम’ येईल. ‘केलं’, ‘खरंच’ यांवरचे अनुस्वार मोहरीएवढे काढले तर पहिल्या रंगसफेदीत जातात. ते बोटाच्या पेरा‌एवढे ठसठशीत हवेत. म्हणून अक्षरे आधी खडूने आखून घ्यावीत आणि रंग लावण्यापूर्वी चौथीतल्या एखाद्या मुलीला मोठ्याने वाचायला लावावे. मोठ्यांचे डोळे चूक आपोआप दुरुस्त करून वाचतात, तिचे करत नाहीत.

भिंत नवी असेल तर गिलावा पूर्ण सुकू द्यावा, निदान महिनाभर. ताज्या गिलाव्यातला क्षार तेलरंगाला मऊ करून सोडवतो, आणि ओल असलेल्या भिंतीवर तेलरंगाखाली पाणी अडून पापुद्रे निघतात. तळहात ठेवून भिंत गारढोण लागली किंवा पांढरी भुकटी बोटाला आली तर ओल आहे असे समजावे. कोकणात तर जोत्यावरून चढणारी ओल दरवर्षीची. तिथे श्वास घेऊ देणारा ॲक्रिलिक रंग बरा, आणि लिहायचे दिवाळीनंतर, भिंत वाळल्यावर.

कडव्याखाली, दोन ते सव्वातीन फुटांच्या पट्ट्यात, फळ्याचा काळा रंग द्यावा. घासली जाणारी जागा तीच, आणि मुलांचा हात पोचतो तीही तीच. नव्या रंगावर आधी खडू आडवा घासून पुसून घ्यावा लागतो, नाहीतर पहिलीच अक्षरे कायमची उमटून राहतात. या पट्ट्यावर मुलांनी आपापले प्रश्न लिहायचे. पट्टा आठवड्यात भरतो, म्हणून शनिवारी पुसण्याआधी एखाद्या मोठ्या मुलाने ते तारखेसह वहीत उतरवून घ्यायचे. वर्षाअखेरीस रंगाऱ्याला नवीन कडव्यासाठी बोलावताना ती वही कवीच्या हातात द्यायची.