श्रद्धांजलीचं भाषण: काय ठेवायचं, काय काढायचं

दहाव्याला किंवा शोकसभेत घरातल्या कुणीतरी दोन शब्द बोलावेत, असं ठरतं. लिहायला बसलं की मनात दाटलेलं सगळंच कागदावर उतरतं, आणि आदल्या रात्री लक्षात येतं की हे भाषण फार लांबलंय. काटछाट करायला मात्र हात धजावत नाही. प्रत्येक आठवण खरी असते. ओळ खोडली तर त्या माणसाचंच काहीतरी पुसतोय असं वाटतं. खरं तर अशा मसुद्यात बहुतेक वेळा आठवणी फार नसतात. एकच गोष्ट तीन-चार वेळा सांगितलेली असते. काढायची ती ही पुनरुक्ती.

सुरुवात घड्याळ लावून मोठ्याने वाचण्यापासून करावी. मनातल्या मनात वाचलं तर वेळेचा अंदाज हमखास चुकतो. ठहरावाने बोललं तर मिनिटाला साधारण १०० शब्द होतात, आणि कंठ दाटून आला तर त्याहूनही कमी. सभेत सहा-सात जण बोलणार असतील तर घरच्या माणसाने पाच मिनिटं घ्यावीत, म्हणजे ५०० शब्दांच्या आसपास.

उदाहरणासाठी असा मसुदा डोळ्यांपुढे आणू. वडील एसटीत कंडक्टर होते. मुलीने त्यांच्यावर १२०० शब्द लिहिलेत, त्याचे तेरा परिच्छेद झालेत. आता पेन्सिल घ्यायची आणि प्रत्येक परिच्छेदाशेजारी, तो वडिलांबद्दल काय सांगतो, ते एका शब्दात लिहायचं. शब्द न खोडता एवढंच करायचं. समासावर नजर टाकली की दिसतं: प्रामाणिकपणा चार वेळा, कष्ट तीन वेळा, माया तीन वेळा, जन्म-शिक्षण-नोकरी दोन परिच्छेद, आणि शेवटी आभार. एरवी ही पुनरुक्ती डोळ्यांना दिसत नाही, कारण प्रत्येक वेळी शब्द वेगळे असतात. एकदा ‘सचोटी’, एकदा ‘निःस्वार्थी वृत्ती’, एकदा ‘कुणाच्या पैशाला हात लावला नाही’. ऐकणाऱ्याला मात्र चौथ्या वेळी तेच ऐकतोय हे कळतं.

प्रत्येक गुणाचा एकच परिच्छेद ठेवायचा. कोणता? ज्यात एखादी जागा आहे, एखादी वस्तू आहे आणि त्या माणसाने स्वतः काहीतरी केलंय किंवा म्हटलंय, तो. प्रामाणिकपणाच्या चार परिच्छेदांपैकी एकात नुसती स्तुती आहे, एकात सहकाऱ्यांनी केलेलं कौतुक आहे, एकात मुलांना दिलेला उपदेश आहे. चौथ्यात घडलेली गोष्ट आहे. तो परिच्छेद असा:

‘माझे वडील अत्यंत प्रामाणिक आणि सचोटीचे होते. रोज पैशांशी संबंध यायचा, पण त्यांना कधी मोह झाला नाही. मला आठवतंय, एकदा एक आजी उरलेले पैसे न घेताच उतरून गेल्या, तर बाबांनी दुसऱ्या दिवशी ते आठवणीने परत केले. असा प्रामाणिक माणूस आजच्या काळात मिळणं कठीण आहे. त्यांचा हा प्रामाणिकपणा आम्हा सर्वांना कायम प्रेरणा देत राहील.’

गोष्ट मधल्या एका वाक्यात आहे. आजूबाजूची चार वाक्यं तिचा अर्थ सांगत बसलीत. ती चारही काढता येतात. पण तेवढ्याने भागत नाही, कारण उरलेलं वाक्य अगदी मोघम आहे. कुठल्या आजी, किती पैसे, परत कसे केले? मुलीने आईला विचारलं आणि परिच्छेद असा झाला:

‘एकदा एक आजी सुटे न घेताच उतरून गेल्या. साडेतीन रुपये होते. दुसऱ्या दिवशी बाबांनी त्या थांब्यावर त्यांना शोधलं. दिसल्या नाहीत, तेव्हा टपरीवाल्याच्या हातात पैसे देऊन म्हणाले, आजी बाजाराला आल्या की द्या. परतीच्या फेरीत पुन्हा विचारलं, दिले का?’

परिच्छेद लांबीने कमी झाला आणि ‘प्रामाणिक’ हा शब्द त्यात एकदाही उरला नाही. आता तो शब्द ऐकणाऱ्याच्या मनात आपोआप येतो. शेवटचा प्रश्न तर फक्त या एका माणसाचाच आहे. मसुदा घट्ट करताना असा एखादा तपशील नव्याने घालावा लागतो, आणि स्तुतीची वाक्यं गेल्यामुळे त्याला जागाही मिळते.

यानंतर ठरावीक वाक्यांकडे वळायचं. ‘काळाने घाला घातला’, ‘कधीही भरून न येणारी पोकळी’, ‘अजातशत्रू व्यक्तिमत्त्व’. यांची परीक्षा सोपी आहे. हेच वाक्य परवाच्या दुसऱ्या शोकसभेत जसंच्या तसं चाललं असतं का? चाललं असतं तर ते काढावं. ‘प्रेमळ आणि मायाळू’, ‘कष्टाळू आणि मेहनती’ अशा जोड्यांतला एक शब्द गाळला तरी काही हरवत नाही. प्रत्येक आठवणीआधी येणारं ‘मला आठवतंय’ पहिल्यांदा राहू द्यावं, पुढचे काढावेत.

जन्म, शिक्षण, नोकरीची वर्षं हा तपशील बहुधा सूत्रसंचालक किंवा पहिले वक्ते सांगतातच. त्यांना आधी विचारून घ्यावं आणि हे दोन परिच्छेद त्यांच्याकडे सोपवावेत. डॉक्टर, शेजारी, नातेवाईक यांच्या आभारांची यादीही त्यांच्याकडेच द्यावी. कुणाचं नाव राहिलं तर मन दुखावतं, आणि ही धास्ती बोलणाऱ्याच्या डोक्यावर नको. शेवटही तपासावा. लांबलेल्या मसुद्यात बहुतेक वेळा दोन-तीन शेवट असतात: एकदा निरोप घेतलेला असतो, मग पुन्हा एक आठवण, मग पुन्हा निरोप. त्यातला एकच ठेवावा.

काटछाटीचा क्रम महत्त्वाचा. आधी पूर्ण परिच्छेद काढावेत, मग वाक्यं, सगळ्यात शेवटी शब्द. उलट क्रमाने गेलं तर तासभर शब्द वेचूनही पन्नासच कमी होतात, आणि चांगल्या आठवणी लंगड्या होऊन जातात.

काही गोष्टींना मात्र हात लावू नये. त्या माणसाची बोलण्याची लकब त्यांपैकी एक. कंडक्टर बाबा घरीसुद्धा मुलांना खाऊला पैसे देताना ‘सुटे आहेत का?’ म्हणत असतील, आणि ते वाक्य भाषणात तीनदा येत असेल, तर ती पुनरुक्ती नव्हे. एकदा बसमध्ये, एकदा घरी, एकदा दवाखान्यात नर्सबाईंना. दर खेपेला त्यातून बाबांची नवी बाजू दिसते. नुसतंच परत येतं ते काढायचं, काही नवीन घेऊन येतं ते राहू द्यायचं. त्यांचा रागीटपणा किंवा हट्ट सांगणारी एखादी ओळही राहू द्यावी. नुसते गुण ऐकत गेलं की माणूस ओळखू येत नाही.

काटछाट जास्त झाली की भाषण वर्तमानपत्रातल्या निधनवार्तेसारखं वाटू लागतं. ते पारखायला, त्या माणसाला जवळून ओळखणाऱ्या एकाला ते वाचून दाखवावं आणि वाचताना त्याच्या चेहऱ्याकडे लक्ष ठेवावं. जिथे त्याला हसू येतं किंवा डोळे भरून येतात, त्या जागा पक्क्या. जिथे तो नुसती मान डोलावतो, तिथे अजून काढण्यासारखं आहे. ‘अरे, ते नाही घेतलंस?’ असं तो म्हणाला, तर काढलेल्यातलं ते परत घ्यावं. म्हणूनच पहिला मसुदा फाडून टाकू नये. सभेपुरते ५०० शब्द पुरे असले, तरी बाकीचे ७०० घरातल्यांसाठी आहेत, आणि वर्षश्राद्धाला नातवंडं जमतील तेव्हा वाचायला वेळेची मर्यादा नसते.