चौसष्ट बाइटांत गोंगाट गाळताना

ATtiny13 या मायक्रोकंट्रोलरमध्ये अवघी 64 बाइट रॅम असते आणि स्टॅकही त्यातच सामावतो. त्याच्या सेन्सरचे वाचन 0 ते 1023 दरम्यानचे, म्हणजे दोन बाइटांचे असते.

समजा, आठपैकी सात वाचने 512 आली आणि मोटर सुरू झाल्याच्या धक्क्याने एक 1023 आले. पूर्णांकी सरासरी 575 येते; एक चुकीचे वाचन निकाल 63 ने वर ढकलते आणि पुढची आठ वाचने होईपर्यंत त्यातच राहते. म्हणून आधी मध्यक काढावा. शेवटच्या तीन वाचनांतले मधले मूल्य घेतले, की एकटा उसळलेला आकडा आपोआप गळतो. लागोपाठ दोन आकडे उसळले, तर मात्र हा मध्यकही फसतो.

उरलेली बारीक थरथर सरासरीने शमते. त्यासाठी आठ जुनी वाचने साठवली, तर 16 बाइट जातात. त्याऐवजी एकच बेरीज पुरते:

```c
acc = acc - (acc >> 3) + m;
y = acc >> 3;
```

इथे `m` हा मध्यक आणि `y` हा निकाल. `acc` मध्ये आठपट मूल्य राहते. ते 8184 च्या पुढे जात नाही, त्यामुळे 16 बिट पुरतात. सुरुवातीला त्यात पहिल्या वाचनाची आठपट भरावी, नाहीतर निकाल शून्यापासून हळूहळू चढतो.

बेरजेऐवजी फक्त `y` साठवून दर वेळी `(m - y) / 8` मिळवत गेल्यास अपूर्णांक वाया जातो. `y` 505 आणि वाचन 512 असेल, तर 7 भागिले 8 म्हणजे शून्य. निकाल 505 वरच अडकतो. वाचन स्थिर असूनही निकाल सातपर्यंतच्या फरकाने थबकलेला दिसला, तर दोष इथेच असतो.

मध्यकाची तीन वाचने आणि ही बेरीज मिळून आठ बाइटांत काम भागते.